तीनशे रुपयांचा फरक आणि फोटोतली तेरीज

प्रश्न: काकांचे अप्पा बळवंत चौकाजवळ वह्या-कागदाचे दुकान आहे. त्यांच्या हिशेबनिसाने हाताने लिहिलेल्या तेरजेचा फोटो त्यांनी मला मोबाइलवर पाठवला. फोटोत खालची बेरजेची ओळ आलेली नाही. त्यावरून मी ३१ मार्च २०२५ रोजी संपलेल्या वर्षाची अंतिम खाती तयार केली. निव्वळ नफा ५९,९०० आला, पण ताळेबंदाची देयता बाजू ३,१८,३०० आणि मालमत्ता बाजू ३,१८,००० होते. अदत्त आणि पूर्वदत्त खर्च मी दोन्हीकडे घेतले आहेत. हा ३०० रुपयांचा फरक किरकोळ खर्चात टाकला तर चालेल का? फोटो आणि माझे कागद जोडले आहेत.

उत्तर:

टाकू नका. टाकलात तर ताळेबंद जुळेल, आणि तोच धोका आहे. तुमचा नफा ५९,६०० दिसेल, दोन्ही बाजू ३,१८,००० वर येतील आणि पुन्हा कोणी त्या कागदाकडे पाहणार नाही. तुमचे कागद आणि फोटो शेजारी ठेवून मी हिशेब केला, तेव्हा नफा ४८,६०० आला. म्हणजे चूक तीनशेची नसून ११,३०० रुपयांची आहे. एकमेकींच्या विरुद्ध ओढणाऱ्या दोन मोठ्या चुकांची वजाबाकी तेवढी तीनशे उरली आहे, आणि आणखी दोन चुका अशा आहेत की ताळेबंदात त्यांचा मागमूसही लागत नाही.

मी सव्वीस वर्षे पुण्याच्या पेठांमधल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहीत आलो आहे. उमेदवारीच्या काळात एका दुकानाच्या ताळेबंदातला अठरा रुपयांचा फरक मी टपाल खर्चात घालून मोकळा झालो होतो. पुढच्या जूनमध्ये त्या अठरा रुपयांच्या पोटातून एका धनकोचे पूर्ण बिल निघाले. तेव्हापासून फरक जितका लहान, तितका मी तो जास्त वेळ शोधतो.

आधी फोटोतून मी वाचलेली तेरीज मांडतो, म्हणजे पुढचे बोलणे आकड्यांना धरून होईल.

| खाते | नावे | जमा |
|---|---|---|
| सुरुवातीचा शिल्लक माल | ८४,००० | |
| खरेदी | ४,६०,००० | |
| आवक वाहतूक | ९,२०० | |
| मजुरी (वही बांधणी) | ४८,००० | |
| पगार | ७२,००० | |
| दुकानभाडे (११ महिने) | ५५,००० | |
| विमा हप्ता | १२,००० | |
| वीजबिल | ७,८०० | |
| किरकोळ खर्च | ५,००० | |
| फर्निचर | ६०,००० | |
| ऋणको | ९२,००० | |
| बँक शिल्लक | ४७,००० | |
| रोख शिल्लक | १४,००० | |
| उचल | ३६,००० | |
| भांडवल | | २,१०,००० |
| विक्री | | ७,०८,००० |
| धनको | | ७६,००० |
| अदत्त पगार | | ६,००० |
| मिळालेले कमिशन | | २,००० |
| एकूण | १०,०२,००० | १०,०२,००० |

तेरजेखाली हिशेबनिसाने चार टिपा लिहिल्या आहेत. अखेरचा माल ९६,००० रुपयांचा आहे, बांधणी कामगारांची मजुरी २,४०० रुपये देणे आहे, मार्चचा पगार ६,००० रुपये देणे आहे आणि विम्याचा हप्ता १ जुलै २०२४ पासून एका वर्षाचा आहे.

फोटोवरून काम करताना पहिली गोष्ट समायोजना नव्हे, बेरीज. फोटोत बेरजेची ओळ आली नव्हती, म्हणून तुम्ही ती केलीच नाही आणि थेट व्यापार खात्याला हात घातला. तुमच्या कागदावरच्या नावे बाजूची बेरीज ९,९५,७०० होते आणि जमा बाजूची १०,०२,०००. नावे बाजू ६,३०० ने कमी. इथे थांबून मी तीन प्रश्न विचारतो. ६,३०० ही रक्कम एखाद्या सुटलेल्या ओळीची आहे का? तशी ओळ फोटोत नाही. तिची निम्मी, म्हणजे ३,१५० ही रक्कम चुकीच्या बाजूला पडली आहे का? चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम दुप्पट फरक पाडते, म्हणून हे पाहायचे. पण ३,१५० ही रक्कमही कुठे नाही. मग तिसरा प्रश्न, फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का? ६,३०० भागिले ९ म्हणजे ७००. पूर्ण भाग गेला की एखाद्या रकमेतले दोन अंक उलटे उतरले असण्याची शक्यता दाट होते. इथे भागाकार ७०० आला आणि नावे बाजू कमी आहे, म्हणून नावे बाजूला शेकड्याचा अंक हजाराच्या अंकापेक्षा सातने मोठा असलेली रक्कम शोधायची. तुमच्या कागदावर अशी एकच रक्कम आहे, आवक वाहतूक २,९००. फोटो मोठा करून पाहिला तर तिथे ९,२०० दिसते.

नऊचा हा नियम कुठे शोधायचे ते सांगतो, पुरावा देत नाही. एकच अंक चुकीचा वाचला गेला, उदाहरणार्थ घाईने लिहिलेला १ आपण ९ म्हणून वाचला, तर फरक ८, ८० किंवा ८०० असा येतो आणि त्याला नऊने भाग जात नाही. शिवाय दोन ओळी चुकल्या तर दोन्ही फरक एकमेकांत मिसळतात. म्हणून काकांना वाहतुकीच्या खात्याचे खातेवहीतले पान पाहायला सांगा. ९,२०० ही शिल्लक तिथून पक्की करा. फोटोही पुन्हा मागवा. वही टेबलावर सपाट ठेवून, बरोबर वरून, चारही कडा दिसतील असा फोटो हवा. तिरक्या फोटोत खात्याचे नाव एका ओळीत आणि रक्कम शेजारच्या ओळीत गेल्यासारखी दिसते, आणि डावी कड कापली गेली तर लाखाचा अंकच नाहीसा होतो. तेरीज दोन पानांवर असेल तर दुसऱ्या पानाच्या माथ्यावरची ‘मागील पानाची बेरीज’ खाते समजून उतरवली जाते, हेही मी अनेकदा पाहिले आहे.

वाहतूक ६,३०० ने कमी घेतल्यामुळे तुमचा नफा तेवढाच फुगला आणि ताळेबंदाची देयता बाजू भांडवलातून ६,३०० ने वाढली. मग फरक ६,३०० का दिसला नाही? कारण पगारात तुम्ही उलटी चूक केली.

अदत्त पगार तेरजेच्या जमा बाजूला आधीच आहे. तेरजेत असलेले खाते म्हणजे ज्याची दुहेरी नोंद वर्षात होऊन गेली आहे असे खाते: पगार नावे, अदत्त पगार जमा. अशा खात्याला अंतिम खात्यांत एकच जागा मिळते, ती ताळेबंदाच्या देयता बाजूला. तेरजेबाहेर, म्हणजे फक्त खालच्या टिपेत दिलेल्या अदत्त खर्चाची नोंद अजून व्हायची असते, म्हणून तो दोन ठिकाणी जातो. संबंधित खर्चात मिळवायचा आणि देयतेतही दाखवायचा. मजुरीचे २,४०० तुम्ही याच रीतीने घेतलेत, ते बरोबर आहे. पगाराचे ६,००० मात्र टीप वाचून तुम्ही पुन्हा पगारात मिळवले, पगार ७८,००० केला आणि देयता मात्र तेरजेतली ६,००० एवढीच ठेवली. त्यामुळे नफा ६,००० ने घटला आणि त्याला उत्तर देणारी दुसरी बाजू कुठेच आली नाही. एकीकडे ६,३०० ची वाढ, दुसरीकडे ६,००० ची घट, आणि उरले तुमचे तीनशे.

आता ‘तेरजेत आहे तर एकदाच’ हा वर्गातला नियम आहे, आणि परीक्षेत तो डोळे मिटून लावावा. खऱ्या दुकानात मात्र एक शंका घ्यावी लागते. तेरजेतले ते ६,००० या मार्चचे आहेत की मागच्या मार्चचे? अनेक दुकानांत मागच्या वर्षीचा अदत्त पगार एप्रिलमध्ये दिला जातो, देताना तो सरळ पगार खात्याला नावे टाकला जातो, आणि अदत्त पगाराचे जुने खाते तसेच उघडे राहते. काकांकडे तसे झाले असेल, तर वर्षभरात दिलेल्या ७२,००० मधून मागचे ६,००० जुन्या अदत्त खात्यात वळवून पगार ६६,००० करायचा, आणि मग टिपेतला या मार्चचा पगार मिळवून तो पुन्हा ७२,००० करायचा. या उदाहरणात पगाराचा दर बदललेला नसल्याने दोन्ही वाटांनी उत्तर तेच येते. दर वाढला असता तर आले नसते. पडताळा सोपा आहे. मदतनीसाला महिना ६,००० असेल, तर बारा महिन्यांचा खर्च ७२,००० च हवा. ७८,००० आले की तेरावा महिना कुठून आला हे विचारायचे.

इथपर्यंतच्या दोन चुका दुरुस्त केल्या की तुमचा ताळेबंद ३,१८,००० ला चोख जुळतो. नफा ५९,६०० दिसतो आणि काम संपल्यासारखे वाटते, पण नफा अजूनही ११,००० ने जास्त आहे. पूर्वदत्त किंवा अदत्त खर्चाची रक्कमच चुकीची काढली, पण ती खर्चात आणि ताळेबंदात दोन्हीकडे सारखी नेली, किंवा ती दोन्हीकडून विसरलीच, तर जुळणीला काहीच कळत नाही. जुळणी फक्त दोन्ही हातांनी सारखे वजन उचलले एवढेच सांगते, वजन किती असायला हवे होते ते नाही.

विम्याचे बघा. हप्ता १ जुलै २०२४ पासून एका वर्षाचा, म्हणजे संरक्षण ३० जून २०२५ पर्यंत. तुम्ही जुलै ते मार्च असे नऊ महिने मोजलेत, ते बरोबर मोजलेत, पण ९,००० रुपये पूर्वदत्त म्हणून दाखवलेत. ते नऊ महिने तर सरून गेले. पूर्वदत्त म्हणजे ज्याचा लाभ ३१ मार्चनंतर मिळायचा आहे तो भाग: एप्रिल, मे, जून, तीन महिने, महिन्याला १,००० प्रमाणे ३,०००. खर्च ९,००० आणि मालमत्ता ३,००० हवी होती, तुमच्याकडे नेमकी अदलाबदल झाली. मी नवशिक्यांना हप्ता भरल्याच्या तारखेपासून मोजू नका, पॉलिसी संपण्याच्या तारखेपासून मागे ३१ मार्चपर्यंत या, असे सांगतो. जे महिने ओलांडावे लागतील तेवढे पूर्वदत्त.

विम्याबाबत काकांना दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, पॉलिसी दुकानाची आहे की काकांच्या जीवाची? स्वतःच्या आयुर्विम्याचा हप्ता दुकानाच्या पैशातून भरला असेल तर तो खर्चच नाही, पूर्ण १२,००० उचलीत जातील आणि पूर्वदत्ताचा प्रश्नच उरणार नाही. दुसरी, दुकानाची असेल तर ती याच वर्षी प्रथम घेतली का? दरवर्षी जुलैत नूतनीकरण होत असेल, तर एप्रिल ते जून २०२४ चा पूर्वदत्त विमा मागच्या ताळेबंदातून यंदाच्या तेरजेत यायला हवा होता. तो आलेला नाही. म्हणजे एक तर पॉलिसी नवी आहे, किंवा मागच्या वर्षी पूर्ण हप्ता खर्चात टाकला गेला. मी पॉलिसी नवी धरून पुढे गेलो आहे.

भाड्याची समायोजना तर टिपांमध्ये नाहीच, ती खात्याच्या नावात दडली आहे. ‘दुकानभाडे (११ महिने)’ ५५,००० म्हणजे महिना ५,०००, आणि वर्ष बारा महिन्यांचे. मार्चचे ५,००० देणे राहिले असा त्याचा अर्थ परीक्षेत घ्यायचा असतो. प्रश्न काढणारे कंस उगीच लिहीत नाहीत. प्रत्यक्षात मात्र पुण्यात ११ महिने हा आकडा दिसला की मी जरा थांबतो, कारण इथे भाड्याचे लिव्ह अँड लायसन्स करार अनेकदा अकरा महिन्यांचे होतात. करार संपल्यावर बाराव्या महिन्यात गाळा काकांच्याच ताब्यात होता का, आणि त्या महिन्याचे भाडे द्यायचे ठरले आहे का, हे विचारा. गाळा वापरला आणि भाडे द्यायचे आहे, तर ५,००० अदत्त. मालकाने तो महिना माफ केला असेल, तर खर्च ५५,००० च राहील. मार्चचा पगार देणे आहे, म्हणजे दुकान मार्चमध्येही चालू होते, म्हणून मी ते अदत्त धरले आहे.

आणखी एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. आयकर कायदा व्यावसायिकाला रोख पद्धत किंवा उपार्जन पद्धत यांपैकी जी तो नियमितपणे पाळतो ती वापरू देतो. निव्वळ रोख पद्धतीत अदत्त आणि पूर्वदत्त हा विषयच येत नाही. काकांच्या तेरजेत अदत्त पगाराचे खाते आहे, म्हणजे त्यांचा हिशेबनीस उपार्जन पद्धतीने लिहितो. मग ती पगाराला लावायची आणि भाड्याला लावायची नाही, असे चालणार नाही.

आता खाती मांडू. व्यापार खात्याच्या नावे बाजूला सुरुवातीचा माल ८४,०००, खरेदी ४,६०,०००, आवक वाहतूक ९,२०० आणि मजुरी ४८,००० अधिक अदत्त २,४०० मिळून ५०,४००, एकूण ६,०३,६००. मजुरी इथे येते, कारण ती कागदाची वही करण्यासाठी, म्हणजे माल विक्रीयोग्य करण्यासाठी दिली आहे. काउंटरवरच्या मदतनीसाचा पगार मात्र नफा-तोटा खात्यात जाईल. जमा बाजूला विक्री ७,०८,००० आणि अखेरचा माल ९६,०००, एकूण ८,०४,०००. ढोबळ नफा २,००,४००.

नफा-तोटा खात्यात या ढोबळ नफ्यात कमिशनचे २,००० मिळवून २,०२,४०० होतात. समोर पगार ७२,०००, भाडे ५५,००० अधिक ५,००० म्हणजे ६०,०००, विमा १२,००० वजा ३,००० म्हणजे ९,०००, वीजबिल ७,८०० आणि किरकोळ खर्च ५,०००, एकूण १,५३,८००. निव्वळ नफा ४८,६००. तुमच्या ५९,९०० शी ताळा घाला: वाहतुकीचे ६,३०० वजा, पगाराचे ६,००० अधिक, विम्याचे ६,००० वजा आणि भाड्याचे ५,००० वजा.

ताळेबंदात भांडवल २,१०,००० मध्ये नफा ४८,६०० मिळवून उचल ३६,००० वजा केली की २,२२,६०० राहतात. धनको ७६,०००. अदत्त खर्च तीन आहेत, पगार ६,०००, मजुरी २,४०० आणि भाडे ५,०००. ते वेगवेगळे दाखवा, ‘अदत्त खर्च १३,४००’ अशी एकच ओळ लिहू नका, नाही तर पुढच्या वर्षी कोणते फेडले ते कळणार नाही. देयता बाजूची बेरीज ३,१२,०००. मालमत्ता बाजूला फर्निचर ६०,०००, अखेरचा माल ९६,०००, ऋणको ९२,०००, पूर्वदत्त विमा ३,०००, बँक ४७,००० आणि रोख १४,०००. बेरीज तीच, ३,१२,०००. फर्निचरच्या घसाऱ्याबद्दल टिपांमध्ये काही नाही, म्हणून मी तो घेतलेला नाही. दुकानाच्या खऱ्या खात्यांत तो घ्यावा लागेल, आणि त्या रकमेने नफा व फर्निचर दोन्ही कमी होतील.

शेवटचे काम तुमच्या कागदावर दिसत नाही, पण ते राहिले तर पुढच्या मार्चमध्ये हाच गुंता परत येईल. १ एप्रिल २०२५ रोजी पूर्वदत्त विम्याचे ३,००० विमा खात्याला नावे टाकून पूर्वदत्त खाते बंद करायला हिशेबनिसाला सांगा. एप्रिलमध्ये मार्चचा पगार, मजुरी आणि भाडे प्रत्यक्ष दिले जाईल, तेव्हा ते पगार, मजुरी किंवा भाडे खात्याला नावे न टाकता त्या त्या अदत्त खात्याला नावे टाकायचे, म्हणजे ती तिन्ही खाती शून्यावर येतील. काकांनी एप्रिलमध्ये यातले काही दिले असेल, तर रोजकीर्दीतले ते पान आत्ताच उघडून पाहा आणि रक्कम कोणत्या खात्याला गेली आहे ते मला कळवा.